सराफाची चिठ्ठी खालून वर वाचायची

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस असताना पारोळ्याची मावसबहीण घरी आली. पाणी प्यायच्या आधी तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. मुलीच्या लग्नासाठी जळगावच्या एका पेढीवर पोत पसंत केली होती, आईची जुनी अंगठी मोडीत दाखवली होती, पैसे मात्र अजून द्यायचे होते. "भाऊ, हाई चिठ्ठी जरा देखी ले. आठ टक्के मजुरी सांगी, मग इतला पैसा कसा व्हयनात?"

मी अकरा वर्षं एका सराफी पेढीवर हिशेब लिहिला आहे. तेव्हापासून नात्यातल्या लग्नांच्या अशा चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. या चिठ्ठीवरचे मूळ आकडे तिरपागडे होते. वाचताना जड जाऊ नये म्हणून मी ते गोल केले आहेत, हिशेबाची रीत तीच ठेवली आहे. चिठ्ठी अशी होती:

पोत, २२ कॅरेट, १३.००० ग्रॅम
भाव ११,००० रुपये ग्रॅम
सोन्याची किंमत १,४३,०००
मजुरी ८ टक्के ११,४४०
हॉलमार्क ५३
जीएसटी ३ टक्के ४,६३३
एकूण १,५९,१२६
मोड वजा ४६,२००
देणे १,१२,९२६

बहिणीने हे सगळं मोबाइलवर गुणून पाहिलं होतं आणि बेरीज बरोबर आली होती. ती येणारच. हल्ली बिल कॉम्प्युटर काढतो आणि कॉम्प्युटर गुणाकारात चुकत नाही. त्याच्यात वजन कुठलं घातलं, भाव कुठला घातला आणि टक्के कशावर धरले, हे मात्र माणूस ठरवतो. म्हणून बेरीज तपासून काही हाती लागत नाही. मी चिठ्ठी खालून वर वाचतो. शेवटच्या रकमेतून एकेक गोष्ट काढत जायचं आणि निव्वळ सोनं सोडून आपण किती पैसे देतोय ते पाहायचं.

करून पाहू. द्यायचे आहेत १,१२,९२६. त्यात मोडीचे ४६,२०० परत मिळवले की पोतीची पूर्ण किंमत येते, १,५९,१२६. त्यातून हॉलमार्कचे ५३ काढले, उरले १,५९,०७३. या रकमेत तीन टक्के कर मिसळलेला आहे. तो काढायचा तर तीन टक्के वजा करायचे नाहीत, रकमेला १.०३ ने भागायचं. पुष्कळ जण इथे घसरतात. शंभराचे एकशे तीन झाले असतील तर एकशे तीनमधून तीन टक्के काढल्यावर शंभर येत नाहीत, नव्व्याण्णव रुपये एक्क्याण्णव पैसे येतात. भागाकार केल्यावर आकडा आला १,५४,४४०. ही सोनं आणि मजुरी मिळून कराआधीची रक्कम.

आता या रकमेत सोनं कितीचं? त्यासाठी वजन लागतं आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

बहिणीच्या फोनमध्ये पोतीचा फोटो होता. पोतीला दोऱ्याने बांधलेल्या बारक्या लेबलावर तीन आकडे होते: एकूण १४.२६०, मणी वजा १.७६०, नेट १२.५००. म्हणजे सगळा डाग, अख्खा दागिना, काट्यावर ठेवला तर सव्वाचौदा ग्रॅम भरतो. त्यातले पावणेदोन ग्रॅम काळे मणी आणि दोरा. सोनं साडेबारा ग्रॅम. पण चिठ्ठीवर वजन होतं तेरा ग्रॅम. हा अर्धा ग्रॅम आला कुठून?

तो म्हणजे घट. साडेबाराचे चार टक्के बरोबर अर्धा ग्रॅम होतात.

घट ही मुळात खोटी गोष्ट नाही. सोनं आटवताना, पत्रा ओढताना, कानसीने घासताना, पॉलिश करताना त्याचे कण उडतात. पूर्वी ते इतके उडायचे, की सोनाराच्या दुकानासमोरची माती धुऊन झारेकऱ्यांची पोटं चालायची. कारागीर शंभर ग्रॅम सोनं घेऊन गेला तर शंभर ग्रॅमचा दागिना परत आणू शकत नव्हता, आणि ही तूट गिऱ्हाइकाने सोसायची अशी रीत पडली. आता बराचसा माल यंत्रावर होतो, कण गोळा करून पुन्हा आटवले जातात, तरी घटीचा रकाना राहिला आहे. पेढीने घट घेऊ नये असं मी म्हणत नाही. कुणी मजुरीत धरतं, कुणी वेगळी लावतं. पण ती वजनात मिसळली की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. दुसरी म्हणजे घटीच्या सोन्यावरही मजुरी लागते, म्हणजे जे सोनं अंगावर येणारच नाही ते घडवायचेही पैसे आपण देतो.

आकड्यात पाहा. साडेबारा ग्रॅम गुणिले ११,००० म्हणजे १,३७,५००. पोतीत खरं सोनं एवढ्याचंच आहे. मघाशी काढलेल्या १,५४,४४० मधून हे वजा केले तर राहतात १६,९४०. ही झाली खरी मजुरी. तिला १,३७,५०० ने भागा, १२.३२ टक्के येतात. तोंडी सांगितली आठ टक्के, पडली सव्वाबारा टक्क्यांच्या वर. आठ आणि चार बारा होतात. वरचे ०.३२ टक्के म्हणजे घटीवर लागलेली मजुरी.

मी दोन दुकानांची तुलना करतो ती याच आकड्यावर. एक दुकान "मजुरी आठ, घट चार" म्हणतं, दुसरं "सरसकट बारा" म्हणतं, तिसरं "ग्रॅममागे साडेतेराशे" म्हणतं. ऐकताना पहिलं स्वस्त वाटतं. तिघांची शेवटची रक्कम घ्या, कर काढा, निव्वळ सोन्याची किंमत वजा करा आणि उरलेल्याला ग्रॅमने भागा. बहिणीच्या चिठ्ठीत १६,९४० ला साडेबाराने भागलं की ग्रॅममागे १,३५५ रुपये येतात. सरसकट बारा टक्के म्हणजे ग्रॅममागे १,३२०. तिसऱ्याचे १,३५०. आठ टक्क्यांवालं दुकान तिघांत सगळ्यांत महाग निघालं.

टक्क्यांची आणखी एक खोड आहे. सोन्याचा भाव ग्रॅमला पाच हजार होता तेव्हा बारा टक्के मजुरी म्हणजे सहाशे रुपये होते. भाव अकरा हजार झाला, टक्के तेच राहिले आणि मजुरी तेराशे वीस झाली. कारागिराने तीच पोत त्याच हातांनी तितक्याच वेळात ओवली. आमच्या पेढीवरचे कारागीर तर ग्रॅमवर ठरलेली मजुरी घ्यायचे, त्यांना टक्क्यांशी देणंघेणं नव्हतं. म्हणून घासाघीस करायची तर "टक्के कमी करा" म्हणण्यापेक्षा "ग्रॅमला किती पडते ते सांगा" म्हणावं. भावावर कुठलाच सराफ सहसा हलत नाही. मजुरीत मात्र जागा असते.

आखाजीच्या सुमाराला "मजुरीत निम्मी सूट" असे फलक लागतात. निम्मी कशाची, हे चिठ्ठीच सांगते. आधी चोवीस टक्के लिहून बारा सोडले असतील तर आपल्याला बाराच पडली. तिथेही वरचाच भागाकार करायचा. सूट बिलावर दाखवली असेल तर कर सूट वजा झाल्यानंतरच्या रकमेवर लागायला हवा, एवढं मात्र बघून घ्यावं.

आता मण्यांकडे येऊ, कारण आपल्याकडच्या पोतीत सगळ्यात मोठी चूक तिथे होऊ शकते. काळे मणी काचेचे. ते एकूण वजनातून वजा झाले नाहीत तर १.७६० ग्रॅम काच सोन्याच्या भावाने विकली जाते. भाव धरून १९,३६०, त्यावर बारा टक्के मजुरी, त्यावर कर, सगळे मिळून २२,३३४ रुपये. बाजारात हे मणी पुडीवर मिळतात. अख्खं वजन लावण्याइतका उघड प्रकार मी क्वचितच पाहिला. जास्त आढळतं ते मण्यांचं वजन कमी लिहिणं. १.७६० च्या जागी १.२६० लिहिलं की अर्धा ग्रॅम काच सोन्यात जमा झाली, भावानेच साडेपाच हजार. बऱ्याचदा यात कुणाची लबाडीही नसते. आधी बारीक मणी ओवलेले असतात, गिऱ्हाईक जाड मणी घालून मागतं, ओवणारा घालून देतो आणि लेबल जुनंच राहतं.

ओवलेली पोत तोडून वजन करता येत नाही, मग तपासायचं कसं? बहिणीबरोबर दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो तेव्हा हेच केलं. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, याच जातीचे शंभर सुटे मणी काट्यावर टाक. त्याने पुडी फोडली, शंभर मोजले आणि काचेच्या पेटीतल्या काट्याच्या ताटलीत ओतले. एक मणी घरंगळून बाहेर गेला, तो चिमट्याने आत ठेवला. पेटीची काच ओढली, पंख्याची हवा बंद झाली तसे हलणारे आकडे थांबले. ०.८८०. मग बहिणीने पोतीतले मणी बोटाने सरकवत मोजले. दोनदा मोजले, दोनशे भरले. दोनशेचे १.७६०. लेबल बरोबर होतं. दोऱ्याचं वजन किरकोळ, ते मी सोडून दिलं. चार-पाच मिनिटांचं काम होतं.

काट्याबद्दल दोन शब्द. दशांशाच्या पुढे तीन आकडे दाखवणारा काटा हवा आणि ताटली रिकामी असताना त्यावर शून्य दिसायला हवं. अकरा हजारांच्या भावात दुसऱ्या घरातला एक आकडा, म्हणजे ०.०१० ग्रॅम, एकशेदहा रुपयांचा असतो. आणि तोळा म्हटलं की कुठला, तेही कळायला हवं. घरातली म्हातारी माणसं ज्याला तोळा म्हणत तो ११.६६४ ग्रॅमचा, बारा माशांचा. आज दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आजीने "अडीच तोळ्याची पोत" सांगितली असेल आणि दुकानदाराने पंचवीस ग्रॅमची दाखवली, तर दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

भावाची गोष्ट थोडक्यात. चोवीस कॅरेटचा भाव बारा हजार असेल तर बावीसचा हिशेबाने त्याच्या बावीस चोवीसांश, म्हणजे अकरा हजार. काही पेढ्या ९२ टक्के धरतात, मग ११,०४० होतात. साडेबारा ग्रॅमला पाचशेचा फरक पडतो, तो ज्याने त्याने बघावा. त्यापेक्षा मोठा घोळ वेगळाच आहे. जळगावच्या बाजाराचा भाव बातम्यांत पुष्कळदा जीएसटीसह सांगतात. घरातलं कुणीतरी तो आकडा डोक्यात घेऊन दुकानात जातं आणि दुकानातला भाव कमी दिसला की खूश होतं. तो स्वस्त नसतो, कराआधीचा असतो. याच्या उलटही होतं. करासह असलेला ११,३३० चा भाव बिलात पडला आणि खाली पुन्हा तीन टक्के लागले, तर या पोतीवर ४,७५९ रुपये जास्त जातात. सोन्यावरचा कर एकदा भावात, एकदा खाली, आणि मजुरीही त्या फुगलेल्या भावावर. चिठ्ठीवरच्या भावाजवळ बोट ठेवून "हा जीएसटी धरून की सोडून?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

कराच्या बाबतीत गोंधळ फार, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. तयार दागिना विकत घेतला तर सोनं आणि मजुरी मिळून पूर्ण रकमेवर तीन टक्के, दीड राज्याचा आणि दीड केंद्राचा. १ जुलै २०१७ पासून हेच चाललं आहे. मग "मजुरीवर पाच टक्के" हे लोक कुठून ऐकतात? तो दर खरा आहे, पण प्रसंग निराळा. आपलं स्वतःचं सोनं नोंदणी असलेल्या कारागिराला दिलं आणि त्याने फक्त घडवून दिलं, तर त्याच्या मजुरीवर पाच टक्के. तयार पोतीच्या बिलात सोन्यावर तीन आणि मजुरीवर पाच अशा दोन ओळी दिसल्या तर विचारायला हवं. सरसकट बारा टक्क्यांच्या हिशेबात १,५४,००० वर तीन टक्के म्हणजे ४,६२०. तोडून लावले तर सोन्याचे ४,१२५ आणि मजुरीचे ८२५, मिळून ४,९५०. फरक तीनशेतीस रुपयांचाच, पण तो आपला.

हॉलमार्कचे ५३ रुपये ऐकून बहीण म्हणाली, "एवढेच?" एवढेच. एका नगाला पंचेचाळीस रुपये आणि त्यावर अठरा टक्के, ५३ रुपये १० पैसे. नग पाव तोळ्याचा असो की दहा तोळ्यांचा, तेवढेच. हॉलमार्कच्या नावाखाली पाचशे-सातशे लावलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत. टक्क्यांत तर ते कधीच लागत नाहीत.

आता मोड. बहिणीचं खरं नुकसान इथे होत होतं आणि तिला त्याची शंकाही नव्हती. जुनी अंगठी पाच ग्रॅम भरली. दुकानातल्या यंत्रावर ठेवली तेव्हा टंच निघाला ८४, म्हणजे शंभर भागात चौऱ्याऐंशी भाग शुद्ध सोनं. जुन्या डागात हे सहज होतं. जोडाला डाख लावलेला असतो, आणि त्या काळी बावीस म्हणून घेतलेलं सोनं बावीसचं असेलच असं नव्हतं. अंगठी घडवणारा सोनार कधीच गेला, आता भांडायचं कुणाशी? टंच आपल्यासमोर काढला ना, एवढं पाहायचं.

पण पुढचा हिशेब बघा. चिठ्ठीवर पाच ग्रॅम गुणिले ०.८४ गुणिले ११,००० असं करून ४६,२०० लिहिले होते. टंच लावला म्हणजे अंगठीतलं मिसळ काढून टाकलं. हाती उरलं ४.२०० ग्रॅम शुद्ध सोनं, चोवीस कॅरेटचं. शुद्ध सोन्याला भावही शुद्धाचाच हवा, बारा हजार. इथे मात्र बावीसचा भाव लावला होता. बावीसच्या भावात मिसळ आधीच वजा झालेली असते. म्हणजे मिसळ दोनदा कापली गेली, एकदा वजनातून आणि एकदा भावातून. बरोबर रक्कम ५०,४०० होते. तूट ४,२०० रुपयांची. घटीवर लागलेल्या मजुरीतून जेवढे जात होते त्याच्या नऊपट.

मोडीच्या चिठ्ठीवर म्हणूनच एवढंच बघायचं: टंच लावलाय तर भाव चोवीसचा आहे का. टंच न लावता "बावीस धरून घेतो" म्हणत असतील तर पूर्ण वजनाला बावीसचा भाव. दोन्हीपैकी एकच. त्यावर कुणी आटणी म्हणून टक्का-दोन टक्के कापतं. तो ज्याच्या त्याच्या पेढीचा रिवाज, पण वेगळा लिहून कापावा. आणि वजन दोनदा पाहावं, एकदा देताना आणि आटवली तर आटवल्यावर.

मोडीवरून आणखी एक वाद नेहमी होतो, त्यात मात्र मी दुकानदाराच्या बाजूचा आहे. "मी जुनं सोनं दिलं, मग कर फक्त वरच्या फरकावर लावा," असं गिऱ्हाईक म्हणतं. तसं होत नाही. कर नव्या डागाच्या पूर्ण किमतीवर लागतो आणि मोड कर लागल्यानंतर वजा होते. घरातल्या माणसाने आपलं जुनं सोनं दुकानात दिलं तर त्या देण्यावर मात्र कर नाही. मोडीच्या रकमेवर तीन टक्के कापलेले दिसले तर ते चुकीचे.

पेढीवर आम्ही चिठ्ठी मालकासमोर ठेवली. आवाज चढवायची वेळ आली नाही. मोडीचं त्यांनी पाहताच मान्य केलं. मुलाने कॉम्प्युटरवर भावाचा रकाना बदलला नव्हता, असं म्हणाले. ते खरंही असेल, मी स्वतः ती चूक एकदा केली आहे. घटीवर मात्र ते अडून बसले. आमच्याकडे अशीच पद्धत आहे, सगळ्यांना हीच लावतो, वगैरे. मी म्हटलं, घ्या ना, फक्त वजनात नको, मजुरीत लिहा. मजुरी बारा टक्के लिहा आणि वजन काट्यावर दिसतं तेवढं. चहा आला, थोडा वेळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले, परत आले आणि "चला, बहिणीकडचं लग्न आहे" म्हणून पक्कं बिल काढलं.

सोनं १२.५०० ग्रॅमचं १,३७,५००. मजुरी १६,५००. दोन्ही मिळून १,५४,०००. कर ४,६२०. हॉलमार्क ५३. एकूण १,५८,६७३. मोड ५०,४०० वजा. द्यायचे १,०८,२७३. पहिल्या चिठ्ठीपेक्षा ४,६५३ कमी, त्यातले ४,२०० मोडीचे आणि ४५३ घटीवरच्या मजुरीचे नि तिच्यावरच्या कराचे. म्हणजे खरी मजुरी बारा टक्के तिने दिलीच. ती आणखी खाली आली असती का? कदाचित. पण पोत तिला मनापासून आवडली होती आणि ते मालकालाही दिसत होतं.

या सगळ्या गणितातून एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे सोनं खरंच बावीसचं आहे का. आकडे जुळले म्हणून डाग शुद्ध ठरत नाही. त्यासाठी पदकाच्या मागे भिंगातून पाहावं लागतं. तिथे तीन खुणा हव्यात: बीआयएसचं चिन्ह, 22K916 हा शुद्धतेचा शिक्का आणि इंग्रजी अक्षरं नि आकडे मिळून सहा घरांचा HUID क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या सहा घरांच्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या बारक्या डागांना हॉलमार्कची सक्ती नाही. फोनवर BIS Care ॲपमध्ये Verify HUID उघडून बहिणीने तो क्रमांक टाकला. वस्तूचा प्रकार, शुद्धता, कुठल्या केंद्रात तपासली, सगळं आलं. तिथे अंगठी लिहिलेलं असतं आणि हातात पोत असती, किंवा 18K750 आलं असतं, तर पैसे द्यायचे नव्हते. नंतर तपासणीत सोनं कमी शुद्ध निघालं तर नियमाने त्या कमतरतेच्या रकमेची दुप्पट आणि तपासणीचा खर्च मिळतो, पण त्यासाठी पक्कं बिल लागतं. साध्या कागदावरच्या चिठ्ठीवर कुणी उभं करत नाही.

पक्क्या बिलावर मी एक ओळ हट्टाने लिहून घेतली, आणि मालक हसले. काळे मणी व दोरा, १.७६० ग्रॅम. बहिणीनेही विचारलं, पैसे तर सोन्याचेच दिले, मण्यांचं वजन कशाला? वीस वर्षांनी तिची मुलगी हीच पोत मोडीत घेऊन येईल. तेव्हा काउंटरवरचा कुणीतरी पोत हातात तोलून म्हणेल, यात मणी अडीच ग्रॅम तरी असतील, तेवढे वजा करतो.